नळपाणी योजनेचा समाप्ती अहवाल

प्रकल्प समाप्ती अहवाल हा प्रकल्पाचा शेवटचा दस्तऐवज असतो. काय बांधायचे ठरले होते आणि काय उभे राहिले, किती खर्च झाला आणि किती देणे अजून बाकी आहे, कोणती कामे राहून गेली आणि ती कोण पुरी करणार, आणि उद्यापासून हे सगळे कोण चालवणार, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात लेखी व पुराव्यासह दिलेली असतात. धरण, रुग्णालय किंवा संगणकप्रणाली अशा कुठल्याही प्रकल्पाला असा अहवाल लागतो. मात्र तो नीट समजून घ्यायचा तर गावच्या नळपाणीपुरवठा योजनेसारखे उदाहरण दुसरे नाही. तिथे बांधणारा एक असतो, पैसे देणारा दुसरा आणि पुढची तीस वर्षे चालवणारा तिसराच.

पिण्याचे पाणी हा विषय ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे आला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्येही गावांतर्गत योजना ग्रामपंचायतीने चालवावी अशीच रचना आहे. महाराष्ट्रात बहुतेक लहान योजना जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या देखरेखीखाली कंत्राटदार बांधतो, मोठ्या व प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हाताळते. काम झाले की विभागाचे अभियंते पुढच्या गावाकडे वळतात, कंत्राटदार यंत्रसामग्री हलवतो आणि विहीर, पंप, टाकी व जमिनीखालची नळवाहिनी गावाकडे राहते. त्या क्षणी गावाच्या हाती नुसती किल्ली येते की योजनेची पूर्ण माहितीही येते, हे समाप्ती अहवालावर ठरते.

पुढचे विवेचन एका प्रातिनिधिक गावाला धरून केले आहे. गावाचे आकडे समजावून सांगण्यापुरते घेतले आहेत, पण प्रमाण प्रत्यक्षातल्या लहान योजनेचेच आहे. गावात १,८०० लोक व ३६० घरे आहेत. ओढ्याकाठी नवी विहीर, ७.५ अश्वशक्तीचा पंप, ७०,००० लिटरची उंच टाकी, सुमारे साडेसहा किलोमीटर नळवाहिनी आणि प्रत्येक घराला एक नळ अशी ही योजना आहे.

ठरलेले काम आणि झालेले काम

अहवालाचा पहिला भाग म्हणजे मंजूर कामांची यादी आणि तिच्यासमोर प्रत्यक्ष स्थिती. इथे एक चूक सर्रास होते. विहीर पूर्ण, टाकी पूर्ण, नळजोडण्या ३६० पूर्ण, असे लिहून पान संपवले जाते. यातून वस्तू बसवल्या एवढेच कळते. योजनेने वचन दिले होते ते मात्र पाण्याचे. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे प्रत्येक माणसामागे दिवसाला किमान ५५ लिटर पाणी, तेही भारतीय मानक १०५०० मध्ये ठरवलेल्या गुणवत्तेचे आणि नियमित मिळाले, तरच नळजोडणी कार्यरत म्हणायची. म्हणून प्रत्येक घटकासमोर ‘बसवला’ आणि ‘चालतो’ अशा दोन वेगळ्या नोंदी लागतात आणि दुसऱ्या नोंदीशेजारी चाचणीची तारीख व निकाल लागतो.

टाकीची चाचणी मानकातच सांगितलेली आहे. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठीचे मानक आयएस ३३७० सांगते की उंच टाकी पूर्ण भरून आधी सात दिवस तशीच ठेवावी, कारण त्या काळात काँक्रीट स्वतः पाणी शोषते. त्यानंतरचे सात दिवस निरीक्षण करावे. बाहेरची बाजू कोरडी राहिली आणि गळतीची खूण दिसली नाही, तरच टाकी उत्तीर्ण. म्हणजे चाचणीला कमीत कमी दोन आठवडे लागतात. टाकी भरल्याची तारीख व उत्तीर्ण झाल्याची तारीख यांत चारच दिवसांचे अंतर असेल, तर चाचणी पूर्ण झालेली नाही हे अहवाल वाचणाऱ्या कोणालाही कळते.

नळवाहिनीचे काम जमिनीत गाडले जाते, त्यामुळे तिचा पुरावा चर बुजवण्याआधीच गोळा करावा लागतो. प्रत्येक टप्प्याची दाब चाचणी, उघड्या चराची छायाचित्रे आणि खोलीचे माप त्या त्या वेळी नोंदवलेले नसेल, तर समाप्तीच्या वेळी ते निर्माण करता येत नाही. अशा टप्प्यासमोर ‘पुरावा उपलब्ध नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणे हाच योग्य मार्ग. पुढे गळती शोधताना ती नोंदच पहिला धागा ठरते.

विहिरीच्या बाबतीत चाचणीचा महिना महत्त्वाचा असतो. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते, साठा मर्यादित असतो आणि उन्हाळ्यात झपाट्याने उतरतो. नोव्हेंबरमध्ये घेतलेली क्षमता चाचणी मे महिन्याबद्दल फारसे सांगत नाही. म्हणून अहवालात किती तास उपसा केला, पाणी किती खाली गेले आणि परत भरायला किती वेळ लागला, हे तारखेसह द्यावे लागते. चाचणी हिवाळ्यात झाली असेल, तर उन्हाळ्यातली चाचणी प्रलंबित कामांच्या यादीत जाते.

आता नळाकडे. आपल्या गावात सरासरी घरात पाच माणसे आहेत. प्रत्येकी ५५ लिटर धरले तर घराला दिवसाला २७५ लिटर पाणी हवे. पाणी दिवसातून एक तास सुटत असेल, तर नळाची धार मिनिटाला साधारण ४.६ लिटरची हवी. १५ लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे, असा याचा सरळ अर्थ. ही तपासणी बादली आणि घड्याळ घेऊन कोणीही करू शकतो. ती टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही. प्रत्येक वाहिनीवरच्या सर्वांत लांबच्या आणि सर्वांत उंच नळावर करायची असते.

गावात अशी तपासणी झाली तेव्हा ३४८ नळ ठीक निघाले. वरच्या वाडीतल्या १२ नळांवर मात्र बादलीला सात मिनिटे लागली. त्या हिशेबाने तासाभरात सुमारे १३० लिटर पाणी मिळते, म्हणजे गरजेच्या निम्मेही नाही. तेव्हा अहवालातली नोंद ‘३६० जोडण्या बसवल्या, ३४८ कार्यरत, १२ अपुऱ्या’ अशी झाली पाहिजे. या १२ घरांची नोंद इथे चुकली तर पुढे ती कुठल्याच कागदावर येत नाहीत, आणि हंडा घेऊन चालणे तेवढ्या घरांसाठी कायम राहते.

अंतिम खर्च

दुसरा भाग हिशेबाचा. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. मंजूर रक्कम आणि अंतिम रक्कम यांत फरक का पडला, आणि झालेला खर्च व प्रत्यक्ष दिलेले पैसे यांत फरक किती आहे.

बांधकामाचा अंतिम हिशेब मोजमाप पुस्तकावरून ठरतो. निविदेत अंदाजी परिमाणे असतात, देयक प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे होते. आपल्या गावच्या योजनेला १,२०,००,००० रुपयांची प्रशासकीय मान्यता होती आणि कंत्राटदाराची स्वीकृत निविदा १,००,८०,००० रुपयांची होती. अंतिम देयक आले १,०३,१०,००० रुपयांचे, म्हणजे २,३०,००० रुपये जास्त. नुसता हा आकडा दिला तर कोणाला उधळपट्टी वाटेल, कोणाला किरकोळ फरक. कारणे दिली की चित्र स्पष्ट होते. नळवाहिनी अंदाजापेक्षा ४५० मीटर जास्त लागली. मीटरला ५२० रुपये दराने त्याचे २,३४,००० रुपये झाले. गावातला काँक्रीट रस्ता फोडून पूर्ववत करण्याची बाब अंदाजपत्रकात नव्हती, तिचे १,१०,००० रुपये वाढले. उलट कठीण खडक अपेक्षेपेक्षा १२० घनमीटर कमी लागला, तिथे घनमीटरला ९५० रुपये दराने १,१४,००० रुपये वाचले. वाढ व बचत यांची वजाबाकी केली की बरोबर २,३०,००० रुपये उरतात.

असे कारणवार विवरण देण्याचा फायदा असा की प्रत्येक आकड्याचा माग काढता येतो. ४५० मीटर जादा वाहिनी नेमकी कोणत्या गल्लीत गेली, हे नकाशावर दिसले पाहिजे. नकाशावर ती नसेल, तर एकतर नकाशा अपुरा आहे किंवा मोजमाप तपासायला हवे. खर्चाचा भाग आणि कामाचा भाग एकमेकांची साक्ष देतात ते इथे. जादा बाबीला सक्षम अधिकाऱ्याची मान्यता कोणत्या तारखेला मिळाली, तेही लिहायचे. मान्यता काम झाल्यानंतरची असेल, तर ती तारीख लपवू नये.

कंत्राटदाराच्या देयकाबाहेरही खर्च असतो. वीजजोडणीचे २,८०,०००, स्रोताची व पाण्याच्या नमुन्यांची तपासणी ६०,००० आणि त्रयस्थ संस्थेकडून झालेल्या तपासणीचे १,२०,००० रुपये मिळून ४,६०,००० रुपये झाले. योजनेचा एकूण खर्च १,०७,७०,००० रुपये. प्रत्येक घरामागे हा खर्च २९,९०० रुपयांच्या आसपास जातो.

हा खर्च झाला, पण सगळे पैसे अजून दिलेले नाहीत. कंत्राटदाराच्या देयकातून पाच टक्के, म्हणजे ५,१५,५०० रुपये, सुरक्षा ठेव म्हणून राखून ठेवले आहेत. दोषदायित्वाचा काळ संपला आणि त्या काळातले दोष दुरुस्त झाले, की ही रक्कम परत करायची असते. म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम १,०२,५४,५०० रुपये आहे आणि ५,१५,५०० रुपये देणे आहे. अहवालात हे देणे दाखवले नाही, तर उरलेला निधी मोजताना ते शिल्लक समजले जाते आणि दोन वर्षांनी ठेव परत करायची वेळ येते तेव्हा खात्यात पैसे नसतात.

मान्यतेपेक्षा खर्च १२,३०,००० रुपयांनी कमी झाला. ही बचत लगेच परत करण्याआधी प्रलंबित कामांची यादी पाहावी लागते, कारण त्यातल्या काही कामांचा भार याच निधीवर पडतो.

प्रलंबित कामे

कुठलीही योजना शंभर टक्के निर्दोष अवस्थेत हस्तांतरित होत नाही. त्यामुळे प्रलंबित कामांची यादी असणे हे कमीपणाचे लक्षण नाही. यादी कोरी असेल, तर पाहणी झाली का अशी शंका घ्यावी. चांगल्या यादीत प्रत्येक कामासमोर पाच गोष्टी असतात: काम काय, जबाबदारी कोणाची, मुदत कोणती, पैसे कुठून येणार आणि ते पूर्ण झाल्याचे कशावरून ठरणार. यातली शेवटची गोष्ट बहुधा गाळली जाते आणि मग ‘दुरुस्ती केली’ व ‘काहीच झाले नाही’ असे दोन्ही बाजूंचे दावे वर्षभर चालू राहतात.

वरच्या वाडीचे १२ नळ घेऊ. ‘वाडीला पाणी कमी येते, कार्यवाही करावी’ एवढे लिहिले तर कोणीच काही करू शकत नाही. आधी कारण शोधावे लागते आणि त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. खालच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून वाडीतल्या नळावर बादली पुन्हा भरायची. वेळ तरीही सात मिनिटेच लागला, तर दोष वाडीच्या वाहिनीत आहे: नळ लहान व्यासाचा आहे, आत हवा अडकली आहे किंवा टाकीची उंचीच कमी पडते आहे. वेळ एकदम कमी झाला, तर वाहिनी ठीक आहे आणि खालची घरे आधी पाणी ओढून घेतात. आपल्या गावात व्हॉल्व्ह बंद केल्यावर बादली तीन मिनिटांच्या आत भरली. म्हणजे मोठ्या खोदकामाची गरज नाही. फाट्यावर एक जादा व्हॉल्व्ह बसवून वाडीला वेगळ्या वेळी पाणी सोडले की काम होते.

हा व्हॉल्व्ह मूळ आराखड्यात नव्हता. त्यामुळे तो कंत्राटदाराचा दोष ठरत नाही आणि त्याचा १८,००० रुपये खर्च योजनेच्या बचतीतून करावा लागतो. तशी मान्यता हिशेब बंद होण्याआधी घ्यावी लागते, नंतर ती मिळणे फार कठीण होते. बचतीतले १८,००० रुपये यासाठी राखून १२,१२,००० रुपयेच परत जातात. यादीतली नोंद मग अशी होते: फाट्यावर व्हॉल्व्ह बसवणे, जबाबदारी विभागाच्या शाखा अभियंत्याची, मुदत दीड महिना, निधी योजनेच्या बचतीतून, आणि वाडीतल्या सर्वांत उंच नळावर १५ लिटरची बादली सलग तीन दिवस सव्वातीन मिनिटांत भरली की काम पूर्ण.

दुसरे प्रलंबित काम दोन व्हॉल्व्हच्या चेंबरची तुटलेली झाकणे. हा सरळ कंत्राटदाराचा दोष आहे. तो त्याने दोषदायित्वात स्वखर्चाने दूर करायचा, आणि त्याने केला नाही तर सुरक्षा ठेवीतून करून घ्यायचा.

तिसरे काम बांधकामाचे नाही, कागदाचे आहे आणि तेच सर्वांत धोक्याचे. टाकीची जागा एका शेतकऱ्याने गावासाठी दिली, पण बक्षीसपत्राची नोंदणी झालेली नाही आणि सातबारावर ग्रामपंचायतीचे नाव लागलेले नाही. देणाऱ्याचा शब्द पक्का असला तरी पुढे जमीन वारसांकडे जाते, वाटण्या होतात, आणि टाकीकडे जाणारी वाट अडली की अख्ख्या गावाचे पाणी अडते. विहिरीच्या जागेचेही तसेच. म्हणून प्रत्येक घटकाच्या जागेचा गट क्रमांक, हक्काचा कागद आणि सातबाराची स्थिती अहवालात द्यावी लागते. नोंदणी बाकी असेल तर ती अग्रक्रमाने यादीत घ्यावी, आणि फेरफार मंजूर झाल्यावरच ते काम संपले म्हणावे.

यादीत काय घालू नये, हेही ठरलेले असावे. सर्वेक्षणानंतर गावात चार नवी घरे झाली आणि त्यांनी नळ मागितला, तर ती योजनेची त्रुटी नाही. ती ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या कामातली मागणी आहे. अशा मागण्या यादीत शिरल्या की ती कधीच संपत नाही, ठेव अडकून राहते आणि खऱ्या दोषांकडचे लक्ष उडते. राहिलेले काम, सदोष काम आणि नवी मागणी या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर वाद निम्मे होतात.

रोजच्या कारभाराकडे हस्तांतरण

चौथा भाग योजना चालवणाऱ्यासाठी असतो. त्यात आधी एक तारीख लागते. त्या दिवसापासून वीजबिल, कर्मचाऱ्याचे मानधन आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीची. त्या दिवशी वीजमीटरचे व पाण्याच्या मुख्य मीटरचे वाचन घेऊन दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या असतात. वीजजोडणी ग्रामपंचायतीच्या नावावर झालेली असावी आणि चाचणी काळातले बिल भरलेले असावे. हे झाले नाही, तर आधीच्या थकबाकीपोटी वीज तोडली जाते आणि नवीकोरी योजना पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडते.

त्यानंतर कागद. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा. मंजूर आराखड्याची प्रत जोडून भागत नाही, कारण खडक, रस्ते आणि लोकांच्या हरकतींमुळे वाहिनी नेहमीच थोडीफार सरकते. प्रत्येक व्हॉल्व्हचे स्थान दोन कायमच्या खुणांपासूनच्या अंतराने लिहायचे, उदाहरणार्थ मारुतीच्या देवळाच्या ओट्याच्या कोपऱ्यापासून ४.२ मीटर आणि शाळेच्या फाटकापासून ११ मीटर. रस्त्यावर डांबराचा थर चढला की चेंबर दिसेनासे होते, तेव्हा ही दोन मापेच उपयोगी पडतात. सोबत पंपाची माहितीपुस्तिका व हमीपत्र, चाचण्यांचे निकाल, सुट्या भागांची यादी आणि दुरुस्ती कोणाकडून करून घ्यायची याची माहिती असते. सगळी मालमत्ता ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढवली जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे योजना ठणठणीत असतानाचे आकडे. पुढे बिघाड ओळखायचा तर सुरुवातीचे माप लागते. आपल्या गावाला रोज ९९,००० लिटर पाणी लागते. पंप तासाला सुमारे २०,००० लिटर उचलतो, म्हणजे रोज पाच तास चालतो आणि चाचणी काळात त्याला दिवसाला ३३ युनिट वीज लागली. हजार लिटरमागे हा खर्च एक तृतीयांश युनिटाचा झाला. दोन वर्षांनी हाच आकडा अर्ध्या युनिटावर गेला, तर पंप झिजला आहे, विहिरीची पातळी खाली गेली आहे किंवा पंप आणि मीटर यांच्या मधे कुठेतरी गळती आहे. हस्तांतरणाच्या दिवशीचा आकडाच नोंदवलेला नसेल, तर वाढलेल्या बिलाला महागाईचे कारण दिले जाते आणि बिघाड तसाच राहतो.

गळतीचेही असे सुरुवातीचे माप घेता येते. टाकीत पाण्याची कमाल खोली तीन मीटर असेल, तर पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २३३ लिटर. रात्री घरोघरचे नळ बंद ठेवून टाकीचा निर्गम व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा आणि सकाळी पातळी पाहायची. सहा सेंटिमीटर उतरली, तर १,४०० लिटर पाणी वाहिनीतून कुठेतरी गेले. दुसऱ्या रात्री तोच व्हॉल्व्ह बंद ठेवूनही पातळी उतरली, तर गळती टाकीतच आहे. हस्तांतरणाआधी या दोन रात्रींची नोंद केली, की जुना दोष आणि नवा दोष यांत पुढे गल्लत होत नाही.

चौथी गोष्ट माणसे. व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडायचे आणि पंप कोरडा चालू लागला तर काय करायचे, हे कर्मचाऱ्याने चाचणी काळातच हाताने करून शिकलेले असले पाहिजे. टीसीएल पावडरची मात्राही त्याला पाठ हवी. तेहतीस टक्के क्लोरिन असलेल्या पावडरची हजार लिटरला पाच ग्रॅम ही नेहमीची मात्रा धरली, तर आपल्या गावाला रोज अर्धा किलो पावडर लागते. पावडर ओल धरते आणि तिच्यातला क्लोरिन उडून जातो, त्यामुळे मात्रा घातली यावर विसंबता येत नाही. जलसुरक्षकाने शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी करून पाहावी. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असावा, अशी मानकाची अपेक्षा आहे. प्रशिक्षण दिल्याचे प्रमाणपत्र जोडण्यापेक्षा, कर्मचाऱ्याने कंत्राटदाराच्या माणसाशिवाय किती दिवस योजना चालवली ही नोंद अधिक विश्वासाची.

पाचवी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे चालवण्याचा खर्च. चाचणी काळातल्या बिलांवरून तो ठरवता येतो. महिन्याला सुमारे १,००० युनिट वीज, युनिटला सात रुपये धरले तर ७,००० रुपये. कर्मचाऱ्याचे मानधन १०,०००, टीसीएल व पाणी तपासणी १,५००, दुरुस्ती व पुढे पंप बदलण्यासाठी राखीव ६,५०० रुपये. एकूण २५,००० रुपये. ३६० घरांत हा खर्च वाटला तर महिन्याला घरटी ७० रुपये येतात. पण सगळी घरे वेळेवर भरत नाहीत. पाचातल्या चारच घरांकडून वसुली होते असे धरले, तर पाणीपट्टी ८७ रुपयांच्या आसपास ठेवावी लागते. हा आकडा हस्तांतरणाआधी ग्रामसभेपुढे मांडला गेला आणि पाणीपट्टीचा ठराव अहवालाला जोडला गेला, तरच योजना रोजच्या कारभारात आली म्हणता येते. ठरावाशिवाय हस्तांतरण झाले, की पहिल्या वर्षी राखीव रक्कम बाजूला पडत नाही, दुसऱ्या वर्षी बिल थकते, आणि पंप जळला की तो भरून आणायला पैसे नसतात.

स्वीकृती आणि शेवटची तपासणी

अहवाल कंत्राटदाराने एकट्याने लिहायचा नसतो. माहिती त्याची, पण तपासणी विभागाच्या अभियंत्याची आणि स्वीकृती ग्रामपंचायत व ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची. जल जीवन मिशनमध्ये याला दोन पायऱ्या आहेत. विभाग आधी गाव ‘हर घर जल’ झाल्याचे नोंदवतो, आणि ग्रामसभेने खातरजमा करून ठराव केल्यावरच ते प्रमाणित होते. या दोन पायऱ्यांमधला काळ हाच अहवाल तपासण्याचा काळ असतो. वाडीतल्या बाईने ग्रामसभेत उभे राहून ‘आमच्याकडे बादली भरत नाही’ असे सांगितले, तर ती नोंद अहवालात आहे का, हे तिथेच पाहता येते.

ग्रामपंचायतीला अटींसह स्वीकृती देता येते. प्रलंबित कामांची यादी स्वीकृतीपत्राला जोडायची आणि त्या कामांपुरती जबाबदारी विभागाकडेच राहील असे लिहून घ्यायचे. काम शंभर टक्के झाल्याशिवाय ताबाच घेणार नाही, ही भूमिका वरवर कणखर वाटते. पण त्या काळात पंपाची देखभाल कोणीच करत नाही आणि नुकसान गावाचेच होते. उलट यादी न जोडता सही केली, तर प्रत्येक दोष त्या दिवसापासून गावाचा होतो.

अहवालाची एक मर्यादा मान्य करावी लागते. तो एका दिवसाची स्थिती सांगतो. पुढच्या दुष्काळात विहिरीला पाणी राहील याची हमी तो देऊ शकत नाही. स्रोताच्या वर पाणलोटाची कामे झाली का, शेजारी नव्या खोल कूपनलिका खोदल्या गेल्या का, यावर ते अवलंबून असते. अहवालाने फक्त चाचणीच्या वेळची पातळी आणि चाचणीचा हंगाम खरा सांगायचा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

दोषदायित्वाचा काळ संपण्याच्या महिनाभर आधी शेवटची तपासणी करावी लागते. त्या वेळी हाच अहवाल हातात घेऊन टाकीच्या पातळीची रात्रीची चाचणी, हजार लिटरमागची वीज आणि लांबच्या नळांवरची बादली पुन्हा मोजली जाते. फरक आढळला आणि तो बांधकामातल्या दोषामुळे असेल, तर दुरुस्ती कंत्राटदाराकडून करून घ्यायची मुदत अजून शिल्लक असते. मुदत उलटल्यावर तोच खर्च पाणीपट्टीतून करावा लागतो. यादीतले प्रत्येक काम तारखेसह बंद झाले, सातबारावर ग्रामपंचायतीचे नाव लागले आणि ५,१५,५०० रुपयांची ठेव कंत्राटदाराला परत मिळाली, की शेवटची नोंद करून अहवालाची एक प्रत विभागात आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवली जाते. त्या नोंदीने प्रकल्प संपतो.